चला सांगलीच्या बाजारा

(दुसरीच्या वर्गासाठी. ओळीचा पहिला तुकडा बाईंनी म्हणायचा. आकडा आणि पुढचं सगळं पोरांनी, आकड्यावर टाळी. चार दिवसांनी बाईंनी नुसतं ऐकायचं.)

निघालो, निघालो, सांगलीला निघालो,
आजोबांच्या गाडीतनं पाढे म्हणत निघालो!
खुळ खुळ घुंगरं, चाकांची घरघर,
पाढा म्हटला की रस्ता सरतो भरभर.

बे

बैल आमचे दोन, सर्जा आणि राजा,
पाठीवर झूल, गळ्यात बाजा!

बे एके बे, जू मानेवर घे.
बे दुणे चार, शिंगं टोकदार.
बे त्रिक सहा, पुढं रस्ता पाहा.
बे चोक आठ, पाय मोजा आठ!
बे पंचे दहा, थांबा, घेऊ चहा.
बे सक बारा, ओंजळभर चारा.
बे साते चौदा, बाजारात सौदा.
बे आठे सोळा, आमच्याकडं बेंदूर, तिकडं म्हणती पोळा.
बे नव्वे अठरा, करू नका कचरा.
बे दाहे वीस, नको घासाघीस!

तीन

औदुंबर आलं, कृष्णेच्या काठी,
दत्ताला हात जोडा, मगच पुढं गाडी!

तीन एके तीन, मुखं मोजा तीन.
तीन दुणे सहा, दत्ताचे हात पाहा.
तीन त्रिक नऊ, घाटावर जाऊ.
तीन चोक बारा, नदीवरचा वारा.
तीन पंचे पंधरा, जपून पायऱ्या उतरा.
तीन सक अठरा, नावाडी हसरा.
तीन साते एकवीस, एकवीस दुर्वा गणपतीस!
तीन आठे चोवीस, एक पेढा बहिणीस.
तीन नव्वे सत्तावीस, एक पेढा आजीस.
तीन दाहे तीस, उरला चुरा मांजरीस.

चार

भिलवडीच्या नाक्यावर सोडली बैलगाडी,
आजोबांनी खिशातनं पावली जुनी काढली!
(पावली म्हणजे चार आणे. पोरं विचारतातच. सोळा आण्यांचा रुपया, हे आधी सांगून ठेवा.)

चार एके चार, पावलीचा कारभार.
चार दुणे आठ, अधेलीशी गाठ.
चार त्रिक बारा, बारा आणे, बाकी वारा.
चार चोक सोळा, रुपया झाला गोळा!
चार पंचे वीस, पीळ दिला मिशीस.
चार सक चोवीस, पावली दिली नातीस.
चार साते अठ्ठावीस, बांध म्हणाले गाठीस.
चार आठे बत्तीस, आजोबांचे दात? होते की बत्तीस!
चार नव्वे छत्तीस, कुत्र्या-मांजराचा आकडा छत्तीस.
चार दाहे चाळीस, नाकावर ठेवा चाळिशीस.

पाच

पाचाचा पाढा हातातच आहे, पंजे उघडा, मिटा:
पाच, दहा, पंधरा, वीस,
पंचवीस, तीस, पस्तीस, चाळीस,
पंचेचाळीस, पन्नास!
एकदा शेवटी पाच, एकदा शून्य. झालं, उठा!

सहा

लाल एसटी आली, पळा रे पळा!
पुढं दोन चाकं, मागं चार, मोजा बरं बाळा!

सहा एके सहा, धुरळा उडला पाहा.
सहा दुणे बारा, खिडकीतनं वारा.
सहा त्रिक अठरा, पिशवी आत सारा.
सहा चोक चोवीस, जागा द्या आजीस.
सहा पंचे तीस, हाफ तिकीट पोरीस.
सहा सक छत्तीस, डोकं लागलं खिडकीस.
सहा साते बेचाळीस, झोप आली म्हातारीस.
सहा आठे अठ्ठेचाळीस, कोंबडी सुटली पिशवीतनं, उडालं बघा पीस!
सहा नव्वे चौपन्न, टायर करती सन्न सन्न.
सहा दाहे साठ, आला सांगलीचा काठ!

सात

मार्केट यार्डात पोत्यांवर पोती,
हळदच हळद, पिवळी झाली माती!
इथंच सात येतो, सगळ्यांना रडवतो,
खरं सांगू? बाईंनापण लहानपणी अडवतो.
घाबरायचं काय त्यात? अर्धा पाढा येतोय की!
बैलांकडनं, दुर्वांकडनं, म्हातारीकडनं घेऊ की!

सात एके सात, पिवळे झाले हात.
सात दुणे चौदा, आठवतो का सौदा?
सात त्रिक एकवीस, त्याच दुर्वा गणपतीस.
सात चोक अठ्ठावीस, पावली आहे गाठीस.
सात पंचे पस्तीस, बोटांवरच मोजलीस!
सात सक बेचाळीस, उठवा त्या म्हातारीस!

आता नवीन तीनच. हळू म्हणा. परत म्हणा.

सात साते एकोणपन्नास,
पन्नासाला एक कमी, एकोणपन्नास!
सात साते एकोणपन्नास,
आठवड्यांची सात रास, एकोणपन्नास!

सात आठे छप्पन्न,
पाच, सहा, सात, आठ,
पाच-सहा छप्पन्न, सात-आठ पाठ!
सात आठे छप्पन्न,
पोत्यावर धपकन, छप्पन्न!

सात नव्वे त्रेसष्ट, एवढेच होते कष्ट.
सात दाहे सत्तर, आलं की उत्तर!

आठ

यार्डाबाहेर झाडाखाली दोघे पट मांडून बसलेत,
घोडा, उंट, वजीर, प्यादी, आम्ही बघत बसलोत.
ओळीत घरं आठ, ओळी मोजू आठ,
एकेक ओळ वाढवा, पाढा होईल पाठ!

आठ एके आठ, आठ दुणे सोळा,
आठ त्रिक चोवीस, प्यादी करा गोळा.
आठ चोक बत्तीस, अर्धा झाला पट,
आठ पंचे चाळीस, वजीर मोठा हट्ट!
आठ सक अठ्ठेचाळीस, तेच कोंबडीचं पीस,
आठ साते छप्पन्न, विसरलीस का? नाहीस!
आठ आठे चौसष्ट, पटावर घरं स्पष्ट!
आठ नव्वे बहात्तर, शिंक आली, हळद अंगभर.
आठ दाहे ऐंशी, आजोबा म्हणे, "मी ऐंशी!"

नऊ

ऊन उतरलं, चला पुलावर, आयर्विन त्याचं नाव,
१९२९ सालचा तो, त्याला ओळखतो गाव.
खाली कृष्णा, वर आम्ही, पाण्यात दुसरा पूल,
वरचा आकडा पाण्यात उलटा, नऊची हीच भूल!

नऊ एके नऊ, नऊ दुणे अठरा,
नऊ त्रिक सत्तावीस, नऊ चोक छत्तीस,
नऊ पंचे पंचेचाळीस, पूल अर्धा! थांबा!
नऊ सक चौपन्न, नऊ साते त्रेसष्ट,
नऊ आठे बहात्तर, नऊ नव्वे एक्क्याऐंशी,
नऊ दाहे नव्वद, पैलतीर! थांबा!

आता पाण्यात वाका (धरा कुणीतरी बंड्याला):
अठरा उलटा, एक्क्याऐंशी!
सत्तावीस उलटा, बहात्तर!
छत्तीस उलटा, त्रेसष्ट!
पंचेचाळीस उलटा, चौपन्न!
एक नि आठ? नऊ! दोन नि सात? नऊ!
तीन नि सहा? नऊ! चार नि पाच? नऊ!
आकडे मिळवा कुठलेही, शेवटी येतो नऊच, नऊ!

दहा

दहाचा पाढा? शून्य लावा. झाला. एसटीत चढा!
दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास, साठ, पुढं सरा,
सत्तर, ऐंशी, नव्वद, शंभर! भिलवडी आली, उतरा!

नाक्यावरती सर्जा-राजा उभे माना ताठ करून,
जू चढवलं, घुंगरं वाजली, निघू पहिल्यापासून:
बे एके...