विषय: हरवलेल्या पार्सलची भरपाई – कन्साइनमेंट नंबर 7741028639

दि. २२ मार्च २०२५

प्रति,
क्लेम विभाग

महोदय/महोदया,

३ मार्चला मी तुमच्या काउंटरवर बुक केलेलं पार्सल अजून पोचलेलं नाही. चार दिवसांत पोचेल असं पावतीवर छापलंय. बुकिंगपासून ३० दिवसांच्या आत लेखी क्लेम करावा, अशी अट पावतीच्या मागे आहे. त्या मुदतीतच हा अर्ज करत आहे.

पार्सलमध्ये वापरलेली कॅमेरा लेन्स होती, सीरियल नंबर 40817263. पुठ्ठ्याचा खोका ३० × २० × २० सेंमी, बुकिंगच्या वेळचं वजन १.८४० किलो.

ट्रॅकिंगमध्ये ५ मार्चला सॉर्टिंग हबवर आल्याची नोंद आहे. ६ मार्चला पहाटे २:४७ ला "Bag Dispatched". त्यानंतर एकही स्कॅन नाही. म्हणजे बॅग हबवरून निघाली, पण पुढच्या केंद्रावर माझं पार्सल उतरवून घेतल्याची नोंदच नाही. ती बॅग तिथे उघडली तेव्हा आत किती नग निघाले, हे तुमच्याच रजिस्टरमध्ये सापडेल. १०, १३ आणि १८ मार्चला कस्टमर केअरला फोन केला. तिन्ही वेळा "४८ तास थांबा" एवढंच उत्तर मिळालं. आता आणखी थांबायची माझी तयारी नाही.

लेबल निघालेली पार्सलं तुम्ही वेगळी ठेवत असाल, तर तिथेही एकदा बघावं. खोक्याला निळी टेप आहे आणि आत, लेन्सच्या पाऊचवर, माझा आणि घेणाऱ्याचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे. फोकस रिंगजवळ नखाएवढा ओरखडा आहे.

किमतीबद्दल: २०२२ च्या खरेदी बिलावर ₹४६,९०० आहेत, पण लेन्स जुनी असल्याने तेवढे मी मागत नाही. ती ₹३२,००० ला विकली होती, पावतीवरही तेवढंच मूल्य जाहीर केलं आहे. "कॅरिअर रिस्क"वर खूण करून त्याचा जादा आकार ₹६४० भरला आहे, त्यामुळे मूल्य जाहीर न केलेल्या पार्सलची मर्यादा इथे लावू नये. घेणाऱ्याचे पैसे मी १९ मार्चला परत केले.

मागणी: ₹३२,०००, अधिक वाहतूक आकार ₹३८० आणि रिस्क आकार ₹६४०, एकूण ₹३३,०२०. मध्येच पार्सल सापडलं, तर मला न विचारता रवाना करू नये. आधी उघडून लेन्सचे फोटो पाठवावेत.

सोबत बुकिंग पावतीच्या दोन्ही बाजू, ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट, सीरियल नंबर असलेलं खरेदी बिल, पॅकिंगआधीचे फोटो, घेणाऱ्याशी झालेलं किमतीचं बोलणं, पैसे आले-गेल्याचा बँक उतारा आणि पार्सल मिळालं नसल्याचं त्यांचं सहीचं पत्र जोडलं आहे. मूळ बिल माझ्याकडेच राहील. बघायचं असल्यास शाखेत आणून दाखवेन.

क्लेम नंबर याच ईमेलवर कळवावा. फोनवर सांगितलेला धरणार नाही.

आपली,
प्रेषक (नाव, पत्ता व मोबाइल नंबर बुकिंग पावतीप्रमाणे)