सॉफ्टवेअर पुरवठा करार, कलम १४ : बौद्धिक संपदेच्या उल्लंघनाबाबत पुरवठादाराची क्षतिपूर्ती

१४.१ ग्राहकाने साठा-व्यवस्थापन सॉफ्टवेअर (यापुढे ‘सॉफ्टवेअर’) या करारानुसार वापरल्याने आपल्या पेटंटचे, कॉपीराइटचे, ट्रेडमार्कचे किंवा व्यापारी गुपिताचे उल्लंघन झाले, असा दावा त्रयस्थाने ग्राहकाविरुद्ध केल्यास पुरवठादार तो स्वखर्चाने लढवील. न्यायालयाने किंवा लवादाने अंतिमतः ठरवलेली, अथवा पुरवठादाराने लेखी मान्य केलेल्या तडजोडीतील रक्कमही तो भरील.

पेटंटांच्या बाबतीत ही हमी परिशिष्ट १ मधील देशांत, कराराच्या तारखेपूर्वी मंजूर झालेल्या पेटंटांपुरतीच आहे. पेटंटचा अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तोवर कितीही शोध घेतला तरी तो पुरवठादाराला दिसत नाही, हे उभय पक्षांना मान्य आहे.

१४.२ दाव्याची नोटीस मिळाल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने ती पुरवठादाराला लेखी कळवावी. उशीर झाला म्हणून हमी आपोआप संपत नाही. मात्र त्या उशिरामुळे बचावाचे जेवढे नुकसान झाले, तेवढ्यापुरती पुरवठादाराची जबाबदारी कमी होईल. बचाव आणि तडजोड यांची सूत्रे पूर्णपणे पुरवठादाराकडे राहतील. ग्राहक स्वखर्चाने आपला वकील नेमू शकेल, पण तो सल्ल्यापुरताच. ग्राहकाला दोष कबूल करावा लागेल किंवा स्वतः पैसे द्यावे लागतील, अशी तडजोड पुरवठादार ग्राहकाच्या संमतीशिवाय करणार नाही.

ग्राहकाने दावेदाराला परस्पर कोणतीही कबुली देऊ नये. ‘तुमचा कोड आमच्याकडून नकळत वापरला गेला असावा’ असे ग्राहकाच्या अधिकाऱ्याने ईमेलच्या उत्तरात सहज लिहिले, तरी ती कबुलीच धरली जाईल. त्यामुळे बचाव कमजोर झाल्यास तेवढ्यापुरता भार ग्राहकावर राहील.

१४.३ दावा आला किंवा येईलसे वाटले, तर पुरवठादार आपल्या पसंतीने ग्राहकासाठी वापराचा हक्क मिळवील, सॉफ्टवेअरमध्ये बदल करील किंवा पर्यायी भाग देईल. परिशिष्ट २ मधील कामे यामुळे ठळकपणे घटता कामा नयेत. ९० दिवसांत यांपैकी काहीच वाजवी खर्चात शक्य न झाल्यास पुरवठादार संबंधित मॉड्यूल परत घेईल आणि त्याच्या परवाना शुल्कातून वापराच्या प्रत्येक महिन्याचा १/६० भाग वजा करून उरलेले शुल्क परत करील. म्हणजे मॉड्यूल २४ महिने वापरले असेल, तर शुल्काचा ३६/६० भाग परत मिळेल. आगाऊ घेतलेल्या देखभाल शुल्काचा न वापरलेला भागही परत होईल.

१४.४ ज्या प्रमाणात दावा ग्राहकाने दिलेल्या आराखड्यातून, मजकुरातून किंवा डेटातून, पुरवठादाराखेरीज अन्य कोणी केलेल्या बदलातून, किंवा सॉफ्टवेअर इतर वस्तू वा प्रणालीशी जोडल्यामुळे उद्भवला असेल, त्या प्रमाणात ही हमी लागू नाही. उल्लंघन टाळणारी नवी आवृत्ती विनाशुल्क दिल्यावरही ग्राहक ३० दिवसांनंतर जुनीच वापरत राहिला, तर त्यापुढच्या वापराचीही हमी नाही.

उदाहरण : ग्राहकाने गोदाम मॉड्यूलला स्वतःचे हातातले स्कॅनर जोडले. स्कॅनरचे वाचन आणि साठ्याची नोंद या दोन्ही पायऱ्या मिळून बनणाऱ्या पद्धतीवर त्रयस्थाचे पेटंट आहे. एकटे मॉड्यूल त्यात बसत नाही. हा दावा हमीबाहेर. पण नोंद करण्याची रीतच पेटंटात बसत असेल, तर स्कॅनर जोडला होता ही सबब पुरवठादाराला सांगता येणार नाही.

१४.५ सॉफ्टवेअरमधील ओपन सोर्स घटक आणि त्यांचे परवाने `THIRD-PARTY-NOTICES.txt` या फाइलमध्ये नोंदवले आहेत. ही यादी सुपूर्द केलेल्या आवृत्तीपुरती पूर्ण आहे आणि तीत जीपीएल किंवा एजीपीएल परवान्याचा एकही घटक नाही, एवढे आश्वासन पुरवठादार देतो. या घटकांना त्यांच्या परवान्याच्याच अटी लागू राहतील, १४.१ ची हमी त्यांना लागू नाही. मात्र वरील आश्वासन खोटे ठरल्यामुळे आलेला दावा १४.१ खाली येईल.

१४.६ या कलमाखाली पुरवठादाराची एकूण जबाबदारी, बचावाचा खर्च धरून, दावा येण्यापूर्वीच्या १२ महिन्यांत ग्राहकाने दिलेल्या शुल्काच्या दुपटीपेक्षा जास्त असणार नाही. ग्राहकाचा स्वतःचा बुडालेला नफा वा थांबलेला धंदा यांची भरपाई यात येत नाही. पुरवठादाराने जाणूनबुजून कोड चोरला असल्याचे सिद्ध झाल्यास ही मर्यादा लागू नाही.

१४.७ १४.४ मधील ग्राहकाच्या आराखड्यामुळे, मजकुरामुळे किंवा डेटामुळे त्रयस्थाने पुरवठादारावर दावा केल्यास ग्राहक त्याची क्षतिपूर्ती करील. १४.२ च्या अटी आणि १४.६ ची मर्यादा त्यालाही तशाच लागू राहतील.

१४.८ बौद्धिक संपदेच्या उल्लंघनाच्या दाव्याबाबत ग्राहकाला पुरवठादाराविरुद्ध या कलमाखेरीज अन्य उपाय नाही. हे कलम करार संपल्यानंतर ३ वर्षे, करारकाळातील वापरापुरते, चालू राहील.