कॉलेज वेबसाइट रिडिझाइन: स्टेटमेंट ऑफ वर्क, मसुदा २

ठिकाण कोपरखैरणे, नवी मुंबई. मागच्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर फिरलेला मसुदा बाद, आता हाच धरायचा. खाली 'आम्ही' म्हणजे कॉलेज आणि 'तुम्ही' म्हणजे वर्क ऑर्डरवर ज्यांचं नाव आहे ती एजन्सी. भाषा मुद्दाम साधी ठेवलीय, कारण प्राचार्य मॅडमपासून ऑफिसातल्या क्लार्कपर्यंत सगळ्यांनी हे वाचायचंय. वकिली भाषेतलं ॲग्रीमेंट वेगळं होईल, पण काम काय आणि किती यावर वाद झाला तर हा कागद चालेल.

१. काम कशासाठी

आत्ताची साइट मोबाइलवर नीट उघडत नाही आणि आमची बहुतेक मुलं ती मोबाइलवरच बघतात, ठाणे-वाशी लोकलमध्ये उभं राहून नेटवर्क येत-जात असताना. त्यांना तीनच गोष्टी हव्या असतात: नोटीस, टाइमटेबल, फॉर्मची शेवटची तारीख. होमपेजवर या तिन्ही पहिल्या स्क्रीनवर दिसल्या पाहिजेत. फिरते मोठे फोटो, संस्थापकांचा संदेश वगैरे खाली जाईल, यावर मॅनेजमेंटशी आमचं बोलणं झालंय, तुम्ही परत विषय काढू नका.

२. तुम्ही काय करून द्यायचं

वर्डप्रेसवर नवीन साइट, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. पेज टेम्प्लेट १४, त्यांची यादी डिझाइनच्या टप्प्यात दोघं मिळून पक्की करू, त्यानंतर वाढलं ते जादा काम. नोटीस टाकणं क्लार्कला कोणाच्या मदतीशिवाय जमलं पाहिजे: शीर्षक, तारीख, विभाग, फाइल, बस. यासाठी दोन ट्रेनिंग सेशन आमच्या लॅबमध्ये येऊन घ्यायची, फक्त व्हिडिओ पाठवून चालणार नाही.

ॲक्सेसिबिलिटी डब्ल्यूसीएजी २.१ ची एए पातळी. साध्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट कमीत कमी ४.५ : १, सगळा मेनू कीबोर्डवर चालला पाहिजे, फोटोंना पर्यायी मजकूर पाहिजे. अंध विद्यार्थी आमच्याकडे आहेत, त्यामुळे कोपऱ्यात अक्षर मोठं करायचं बटण चिकटवलं की झालं असं नाही, स्क्रीन रीडर लावून आमच्यासमोर दाखवायचं.

३. जुना मजकूर आणि जुन्या लिंक

सगळ्यात जास्त वेळ इथेच जाणार आहे, म्हणून कोट देताना हा भाग घाईत वाचू नका.

जुन्या साइटवर साधारण १,८०० पीडीएफ आहेत. नॅकला दिलेल्या एसएसआर आणि एक्यूएआरमध्ये यातल्या कितीतरी फाइलींच्या थेट लिंक आहेत, म्हणजे उद्या कोणी तो रिपोर्ट उघडला आणि लिंकवर ४०४ आलं तर जाब कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाला, म्हणजे आयक्यूएसीला, द्यावा लागतो, तुम्हाला नाही. तेव्हा लाइव्ह जायच्या आधी जुन्या सगळ्या यूआरएलचा तक्ता करायचा, शेजारी नवा पत्ता लिहायचा आणि एकूणएक ३०१ रिडायरेक्ट लावायचा. सगळं उचलून होमपेजवर ढकललेलं चालणार नाही. उदाहरणार्थ प्रॉस्पेक्टसवर छापलेला हा पत्ता:

```
Redirect 301 /admission.php /admissions/
```

बऱ्याच जुन्या मराठी नोटिसा कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेल्या आहेत. तो मजकूर कॉपी करून पेजवर टाकला की 'परीक्षा' या शब्दाचं `ijh{kk` होतं. गेल्या दोन वर्षांतल्या अशा नोटिसा युनिकोडमध्ये आणायच्या, त्या जवळपास २६० आहेत. कन्व्हर्टर वापरा, आमची हरकत नाही, पण नंतर माणसाने वाचून बघायचं, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. प्रूफ आमचा मराठी विभाग तपासेल. त्याआधीच्या नोटिसा आहेत तशा पीडीएफ म्हणून ठेवा.

एक गोष्ट मात्र हलवायची नाही. जुन्या मेरिट लिस्टमध्ये मुलांचे मोबाइल नंबर आणि जन्मतारखा आहेत. त्या फाइली नव्या साइटवर येणार नाहीत, तुमच्या स्टेजिंगवरही, म्हणजे चाचणीच्या साइटवरही नाहीत. कोणत्या ते आमचं ऑफिस खूण करून देईल. स्टेजिंगला पासवर्ड आणि `noindex` दोन्ही लावायचं.

४. यात काय धरलेलं नाही

ऑनलाइन फी, ईआरपी, लायब्ररी कॅटलॉग: यांच्या फक्त लिंक द्यायच्या, आत हात घालायचा नाही. लोगो बदलायचा नाही. फोटोग्राफी नाही. विभागांची माहिती लिहिणं आमचं काम, तुमचं नाही, आणि गूगलवर पहिल्या नंबरवर आणण्याचं आश्वासन तुमच्या प्रपोजलमध्ये आहे ते काढून टाका, आम्ही मागितलेलं नाही.

जादा काम निघालं तर आधी ईमेलवर तास आणि रक्कम कळवायची, दर तासाला ₹९००. आमच्या कोऑर्डिनेटरचा होकार ईमेलवर आल्याशिवाय सुरू करायचं नाही. कोणी प्राध्यापक फोन करून 'जरा आमच्या विभागाचं वेगळं पेज करा ना' म्हणाले तर नम्रपणे कोऑर्डिनेटरकडे पाठवा. असे फोन येणारच.

५. वेळ

सुरुवात १ डिसेंबर २०२५. डिझाइन ५ जानेवारी २०२६ पर्यंत, स्टेजिंग ९ फेब्रुवारी, मजकूर हलवून २ मार्च, लाइव्ह १६ मार्च. पाडव्याच्या मुहूर्तावर करू अशी सूचना आली होती, पण त्या दिवशी सुट्टी असते आणि काही अडलं तर ऑफिसात कोणी नसतं. मे महिन्यात बारावीचा निकाल लागला की ॲडमिशनची झुंबड उडते, त्याआधी साइट महिनाभर तरी सुरळीत चाललेली हवी.

आमच्याकडून मजकूर किंवा मंजुरी उशिरा आली तर तेवढेच दिवस तुम्हाला वाढवून मिळतील. तुमच्यामुळे उशीर झाला तर आठवड्याला एकूण रकमेच्या १ टक्का कपात, जास्तीत जास्त ५ टक्के.

६. पैसे

एकूण ₹४,२०,००० अधिक जीएसटी, टीडीएस नियमाप्रमाणे कापला जाईल. डिझाइन मंजूर झाल्यावर ₹८४,०००, स्टेजिंग मंजूर झाल्यावर ₹१,२६,०००, लाइव्ह गेल्यावर ₹१,२६,००० आणि राहिलेले ₹८४,००० लाइव्हनंतर ९० दिवसांनी. ॲडव्हान्स नाही, ट्रस्टच्या अकाउंट्समध्ये तशी पद्धत नाही.

प्रत्येक टप्पा तपासायला आम्हाला कामाचे ७ दिवस. आम्ही गप्प बसलो म्हणजे मंजूर झालं असं धरायचं नाही, आठवण करा.

त्या ९० दिवसांत बग फुकट दुरुस्त करायचे. बग म्हणजे ठरलेली गोष्ट ठरल्याप्रमाणे न चालणं. 'रंग आता आवडत नाही' हा बग नाही, इथे आम्ही तुमच्या बाजूने आहोत. साइट पूर्ण बंद पडली तर ४ तासांत माणूस कामाला लागला पाहिजे, रविवार असला तरी.

७. मालकी आणि चाव्या

डोमेन .ac.in आहे, त्याचं रजिस्ट्रेशन अर्नेटकडे कॉलेजच्या नावावर आहे आणि तिथेच राहील. होस्टिंगचं अकाउंट आमच्या ऑफिसच्या ईमेलवर, पैसे आम्ही भरू, तुम्हाला वेगळं लॉगिन देऊ. थीम आणि प्लगिनची लायसन्स कॉलेजच्या नावाने घ्यायची, पायरेटेड काही सापडलं तर त्या टप्प्याचं पेमेंट थांबेल. आधीच्या वेंडरने ॲडमिन पासवर्ड स्वतःकडेच ठेवला होता, म्हणून हा विभाग एवढा कडक आहे, मनावर घेऊ नका.

शेवटचं बिल द्यायच्या आधी आमच्या ताब्यात हे पाहिजे: सगळा कोड, डिझाइनच्या मूळ फाइली, डेटाबेसचा बॅकअप, रिडायरेक्टचा तक्ता आणि सगळे पासवर्ड. बॅकअप नुसता देऊन भागणार नाही, आमच्या लॅबमधल्या मशीनवर तो परत चढवून साइट उघडून दाखवायची. जुनी साइट ६० दिवस बाजूला जपून ठेवायची, पुसायची तेव्हा विचारून.

मधेच काम सोडायचं असेल तर दोघांनाही १५ दिवसांची लेखी नोटीस. तोवर मंजूर झालेल्या टप्प्याचे पैसे मिळतील, अर्धवट कोडही आमच्याकडे द्यावा लागेल.

तिसऱ्या विभागातले आकडे आम्ही सर्व्हरवरच्या फोल्डरवरून मोजलेत. तुम्ही स्वतः बघून खात्री करून घ्या आणि दहा टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर सही करायच्या आधी सांगा, सहीनंतर त्या कारणाने रक्कम वाढणार नाही.