गणित शिक्षक पदासाठी अर्ज

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
माध्यमिक विद्यालय, वाई, जि. सातारा

विषय : इयत्ता ५ वी ते ८ वी गणित शिक्षक पदासाठी अर्ज

महोदया,

आपल्या शाळेत गणित शिक्षकाची जागा रिकामी असल्याचे समजले, म्हणून हा अर्ज. मी बी.एस्सी., बी.एड. असून टीईटीचा दुसरा पेपर उत्तीर्ण आहे. कोरेगाव तालुक्यातील एका खासगी शाळेत गेली नऊ वर्षे गणित शिकवते.

अपूर्णांक मी फळ्यावरून सुरू करत नाही. मुलांच्या डब्यातली भाकरी घेते. एक भाकरी तिघांत, मग दोन भाकऱ्या तिघांत. "बाई, म्हणजे दोन तृतीयांशच की!" हे मुलांच्या तोंडून आले, की मगच खडू हातात घेते. यात दोन तास जातात, अभ्यासक्रम थोडा मागे पडतो, पण पुढे छेद समान करताना तो भरून निघतो. वही तपासताना चुकीच्या उत्तरावर नुसती फुली मारत नाही. चूक नेमक्या कोणत्या पायरीवर झाली ते मुलांनाच शोधायला लावते.

गेल्या वर्षी आठवीच्या ३८ मुलांपैकी १४ जणांना पहिल्या चाचणीत भागाकार येत नव्हता. शाळा भरण्यापूर्वी रोज अर्धा तास घेतला. वार्षिक परीक्षेपर्यंत त्यातले ११ जण तयार झाले. उरलेल्या तिघांसोबत काम अजून चालू आहे. त्याच वर्गातले पाच जण शिष्यवृत्तीधारक ठरले.

पती वाईला बदलून आल्याने जूनपासून रुजू होऊ शकेन. बोलावल्यास एक पाठ घेऊन दाखवीन. प्रमाणपत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपली विश्वासू,
सौ. वैशाली कदम