गुंतवणूक विश्लेषण : सराव चाचणी ३ (उत्तरांसह)

सातपूर औद्योगिक वसाहतीतली पंप बनवणारी एक काल्पनिक कंपनी घेऊ. करोत्तर नफा १२ कोटी रुपये, शेअर दीड कोटी, दर्शनी मूल्य १० रुपये, बाजारभाव १६० रुपये. प्रेफरन्स शेअर नाहीत.

प्र. १. ईपीएस आणि पी/ई किती?
उत्तर : ईपीएस म्हणजे प्रति शेअर कमाई : १२ कोटी ÷ दीड कोटी = ८ रुपये. पी/ई म्हणजे बाजारभाव भागिले ही कमाई : १६० ÷ ८ = २०. म्हणजे १ रुपया कमाईसाठी बाजार २० रुपये मोजतोय.

प्र. २. कंपनीने ४० टक्के लाभांश जाहीर केला. डिव्हिडंड यील्ड किती?
(अ) ४० टक्के (ब) २.५ टक्के (क) ५ टक्के
उत्तर : (ब). इथे हमखास घसरायला होतं! जाहीर टक्केवारी दर्शनी मूल्यावर असते, म्हणून लाभांश ४ रुपये. यील्ड मात्र बाजारभावावर काढायचं. (क) निवडणाऱ्यांनी ८ ला १६० ने भागलंय. ते कमाईचं यील्ड झालं.

प्र. ३. नफ्यातले ६ कोटी अंबडची जागा विकून आले, असं टिपांमध्ये दिसलं. आता पी/ई २० मानायचा का?
उत्तर : नाही. जागा एकदाच विकली जाते. ते ६ कोटी वगळले तर ईपीएस ४ आणि पी/ई ४०. स्वस्त वाटणारा शेअर महाग निघाला. वार्षिक अहवालातल्या टिपा वाचल्याशिवाय पी/ई लिहूच नका, ही माझी कळकळीची विनंती.

प्र. ४. भाव १०० वर आला, लाभांश तेवढाच. यील्ड ४ टक्के झालं. आनंद मानावा का?
उत्तर : लगेच नको. यील्ड भाव पडल्यामुळे वाढलंय. प्र. ३ प्रमाणे खरी कमाई ४ रुपयेच असेल, तर ती सगळी लाभांशातच जाते. पुढच्या वर्षी लाभांश कापला जाऊ शकतो.