आपला माणूस : स्टोअरचे पोवारमामा

हजेरीपटावर नाव दत्तात्रय पोवार, हुद्दा सीनियर स्टोअरकीपर, रुजू १९९४. शिरोलीच्या आपल्या कारखान्यात मात्र ते सगळ्यांचे पोवारमामा. इन्सर्ट कुठल्या कप्प्यात, कुठलं ड्रिल कुणाच्या नावावर गेलं, कुठल्या मालाचं जीआरएन अजून व्हायचंय, हे मामांना संगणक उघडायच्या आधी ठाऊक असतं. हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. या अंकात सांगायचंय ते दुपारच्या सुट्टीतल्या मामांबद्दल.

जेवण उरकलं की मामा साबणाने हात धुतात, पुसतात, कोरडे झालेत ना ते बघतात आणि स्टोअरच्या खिडकीजवळच्या टेबलावर एक स्वच्छ पांढरा पंचा अंथरतात. मग समोर बसलेला माणूस पिशवीतून आजोबांच्या ट्रंकेतला कागद काढतो. पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला, आणि सगळा मोडी लिपीत. घरात कुणाला वाचता येत नाही, टाकवतही नाही. मामा तो वाचून देतात. गेली अठरा वर्षं वाचून देतात आणि एका पैशालाही हात लावत नाहीत.

सुरुवात त्यांच्या स्वतःच्या घरातून झाली. वडील गेल्यावर माळ्यावर कागदांचं बोचकं सापडलं. वाचून द्यायला एकाने पानाला जे पैसे सांगितले ते तेव्हा परवडणारे नव्हते. मामांनी ते बोचकं परत बांधलं आणि पुरालेखागाराच्या मोडी वर्गाला रजा टाकून जाऊन बसले. वर्ग संपला, तरी घरचा कागद काही लागेना. मामा सांगतात, “वर्गात अक्षरं कळली, माणसांचा हात कळायला दोन वर्षं गेली.” मोडी लिहिताना आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि हात न उचलता तिला अक्षरं लोंबकळवत जायचं. दोन शब्दांत जागा नाही, वाक्य संपल्याची खूण नाही. वेलांटी बहुतेक सगळीकडे एकच, उकारही एकच. कुठे तोडायचं ते वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवायचं. त्यात तारखा सुहूर नाहीतर फसली सनात. “इहिदे”, “इसन्ने”, “सलास” हे अरबी आकडे मामांना आपल्या बारकोडसारखे पाठ आहेत.

मशिनशॉपमधल्या एका ऑपरेटरचा कागद वाचला तेव्हा मी तिथेच होते. त्याच्या पणजीने लिहून दिलेलं खरेदीखत. “मामा, ह्यात काय लिवलंय बघा की. आणि खाली हा शाईचा डाग पडलाय, तो पुसता येईल काय?” मामांनी भिंग खाली नेलं, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “डाग न्हाई रे. बांगडी हाय ती.” सही येत नसे तेव्हा शेतकरी माणूस नांगराची निशाणी करायचा, बाई बांगडीची. शेजारी लिहिणाऱ्याने “निशाणी बांगडी” म्हणून नोंद केलेली होती. गोल नीट मिटलेलाही नव्हता, शेवटी हात जरा कापला असावा. त्या पोराने कागदाला न टेकवता त्या गोलावर नुसतं बोट धरलं आणि विचारलं, “म्हंजे हे तिनं स्वतः काढलंय?” सायरन झाला तरी तो उठला नाही. त्या दिवशी सुपरवायझरसाहेबांनीही काही म्हटलं नाही, त्याबद्दल त्यांचे आभार इथे मानायलाच हवेत.

सगळे कागद असे नसतात. पेंट शॉपमधल्या एकाला खात्री होती की त्यांचं रान भाऊबंदांनी लाटलं. कागद निघाला तर पणजोबांनी ते राजीखुशीने विकलेलं, पैसे पोचल्याची कबुलीही खाली. मामांनी एक शब्द मऊ केला नाही. जे लिहिलंय ते दोनदा वाचून दाखवलं आणि सांगितलं, “माझ्यावर इसंबून राहू नका, आणखी एकाला दाखवा.” वाटणीचा कागद असेल तर त्यांची एक अट असते : दोन्ही बाजूंची माणसं समोर बसली पाहिजेत. एकट्याला ते वाचून देत नाहीत. या अटीपायी काही जण चिडून गेले. मला स्वतःला मामांचा हाच गुण सगळ्यात मोठा वाटतो. स्टोअरमध्ये बिन कार्डावर शिल्लक चार असेल तर चारच लिहिणारा माणूस आहे तो, मग समोर कुणीही उभं राहो.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर आपण कुणीच विसरलेलो नाही. शिरोळ तालुक्यातले आपले किती तरी सहकारी तेव्हा घराबाहेर होते. पाणी उतरल्यावर लोक भांडी, गाद्या धूत होते, आणि मामांच्या घरी ओल्या कागदांच्या पिशव्या यायला लागल्या. त्यांनी माळ्यावर दोऱ्या न बांधता जमिनीवर टिपकागद पसरले, कागद ओले असताना उलगडायची घाई केली नाही, पंखा लांब ठेवला आणि दर दोन-तीन तासांनी टिपकागद बदलले. मामीही रात्री जागून हेच करत होत्या. मामींचं नाव आपल्या हजेरीपटावर नाही, म्हणून त्यांच्याबद्दल इथे मुद्दाम लिहिते आहे. काही कागद गेलेच. बरेच वाचले.

२०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. मामांनाही बाहेरून बोलावणी आली. सुट्टीच्या दिवशी जमेल तेवढं त्यांनी केलं, पण कारखान्यातली दुपार मोडली नाही. “हितं लोक रांगेत हाईत,” एवढंच त्यांचं उत्तर.

पुढच्या वर्षी मामा निवृत्त होत आहेत. त्याची तयारी म्हणून त्यांनी स्वतःच शनिवारी पहिली पाळी सुटल्यावर तासभराचा वर्ग सुरू केलाय. सध्या चौघं येतात : क्वालिटीतले दोघे, कॅन्टीनच्या ताई आणि एक अप्रेंटिस मुलगी. तिने पहिल्या महिन्यात आपलं नाव मोडीत लिहून आयकार्डाच्या मागे चिकटवलंय. भेटली तर दाखवायला सांगा. वर्गाला फी नाही. वही आणि टाक एवढं आणायचं, बोरू मामा स्वतः तासून देतात. स्टोअरशेजारची मीटिंग रूम या तासासाठी व्यवस्थापनाने राखून ठेवली आहे.

घरात मोडी कागद असतील तर दुपारी एक ते दीडच्या दरम्यान स्टोअरच्या खिडकीशी घेऊन या. मामांनी खास निरोप दिलाय तो असा : कागदाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका, आणि उलगडताना बोटाला थुंकी लावू नका. घडी उघडत नसेल तर तशीच आणा. ती मी उघडेन, असं ते म्हणालेत.