डिस्चार्ज समरी: घोणस दंश, रक्त गोठण्यातील बिघाड आणि तीव्र मूत्रपिंड निकामी होणे

रुग्ण: स्त्री, ४२ वर्षे, शेतमजूर, वजन ४७ किलो. मधुमेह किंवा रक्तदाब नाही.
दाखल: १४ जुलै २०२५, रात्री ११.२०. डिस्चार्ज: २८ जुलै २०२५.

दाखल होण्यापूर्वी
१४ जुलैला संध्याकाळी ६.३० च्या सुमारास बांधावर गवत कापताना उजव्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला दंश झाला. आमच्या दाखल नोंदीत ‘डावा पाय’ लिहिले आहे, ते चूक आहे. संदर्भपत्र, नर्सिंग नोंद आणि डॉपलर तिन्ही उजवा पाय सांगतात. नातेवाइकांनी काढलेल्या फोटोत घोणस स्पष्ट ओळखता येते. ग्रामीण रुग्णालयात २० मिनिटांच्या चाचणीत रक्त गोठले नाही. ८.०५ ला एएसव्हीच्या १० व्हायल सुरू करून तासाभरात दिल्या. तिथेच वेदनेसाठी डायक्लोफेनाक ७५ मि.ग्रॅ. स्नायूत दिले होते. हे फक्त संदर्भपत्रात आहे. डाव्या नितंबावरचा निळा डाग त्याच इंजेक्शनच्या जागी आहे, आणि मूत्रपिंडावर त्याचा भार पडला असण्याची शक्यता धरावी.

दाखल करताना
नाडी १०४, रक्तदाब १०८/७०, ऑक्सिजन ९८ टक्के. सूज गुडघ्याच्या खालपर्यंत, हिरड्यांतून रक्त. पापण्या पडलेल्या नाहीत. आयएनआर मोजता आला नाही, प्लेटलेट ६८,०००, क्रिएटिनिन १.१, हिमोग्लोबिन ११.८.

उपचार
पहाटे २.०५ ला रक्त अजून गोठत नव्हते, म्हणून २.२० ला आणखी १० व्हायल सुरू केल्या. पंधरा मिनिटांत अंगावर गांधी, धाप, रक्तदाब ८६/५४. एएसव्ही थांबवून ॲड्रिनॅलिन ०.५ मि.ग्रॅ. मांडीत दिले, दहा मिनिटांत रुग्ण सावरल्यावर एएसव्ही संथ गतीने पूर्ण केले. सकाळी ८.३० ला आणि पुन्हा दुपारी रक्त गोठले.

एएसव्ही एकूण २० व्हायल. १६ जुलैच्या राउंड नोंदीतला ‘३०’ हा आकडा घेऊ नये. ग्रामीण रुग्णालयातल्या १० तिथे दोनदा मोजल्या गेल्या. औषध तक्ता आणि संदर्भपत्र मिळून २० च होतात.

पायाची सूज हळूहळू उतरली, डॉपलरमध्ये रक्तप्रवाह चांगला होता, शस्त्रक्रिया लागली नाही. धनुर्वाताची लस आयएनआर सुधारल्यावर १६ जुलैला दिली.

मूत्रपिंड
१६ जुलैला २४ तासांत लघवी २५० मि.ली. क्रिएटिनिन १६ ला २.६, १७ ला ४.८, १८ ला ६.४ आणि पोटॅशियम ६.१. मानेतल्या शिरेत कॅथेटर घालून १८, २० व २२ जुलैला हिमोडायलिसिस केले. २० जुलैच्या अहवालातले क्रिएटिनिन ३.१ डायलिसिस संपल्यावर लगेच घेतलेल्या रक्ताचे आहे. छापील अहवालावर तशी खूण नाही. तो आकडा सुधारणा म्हणून वाचू नये. खरी सुधारणा २३ पासून: लघवी ९०० मि.ली., २७ ला २४०० मि.ली. क्रिएटिनिन २४ ला ४.१, २६ ला ३.०, २८ ला २.२. कॅथेटर २६ ला काढला. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे नेहमीच्या आकाराची, अडथळा नाही.

जाताना
रक्तदाब १३८/८६, हिमोग्लोबिन ९.२, प्लेटलेट १,६२,०००, आयएनआर १.१. चालताना घोट्याशी थोडी सूज. २७ जुलैला पाठवलेल्या २४ तासांच्या लघवीतील प्रथिनांचा अहवाल यायचा आहे. पहिल्या भेटीत तो पाहणे आमच्याकडे नोंदवून ठेवले आहे.

औषधे
लोह व फॉलिक ॲसिडची गोळी रोज एक. दुखले तर पॅरासिटामॉल ५०० मि.ग्रॅ., दिवसात जास्तीत जास्त तीन वेळा. कंबरदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनाक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी अजिबात नको. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी हा कागद आधी दाखवा. लघवी सध्या भरपूर होते आहे, म्हणून पाणी तोडू नये, तहानेप्रमाणे प्यावे.

पुढील तपासणी
३१ जुलै आणि ४ ऑगस्टला क्रिएटिनिन, पोटॅशियम, सीबीसी, रक्तदाब. नंतर मूत्रपिंड बाह्यरुग्ण विभागाच्या सल्ल्याने. तीन-चार आठवड्यांत क्रिएटिनिन उतरायचे थांबले तर कॉर्टिकल नेक्रोसिसचा विचार करून बायोप्सीचा निर्णय घ्यावा. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने, रक्तदाब पुन्हा पाहावा. घोणस दंशानंतर पिट्युटरी ग्रंथी मंद पडू शकते: सततचा थकवा, पाळी बंद होणे किंवा रक्तदाब खाली राहणे दिसल्यास कॉर्टिसोल आणि थायरॉइड तपासावे.

लगेच यावे
लघवी कमी होणे, धाप, चेहऱ्यावर सूज, कुठूनही रक्त येणे, पाय पुन्हा सुजणे. येत्या काही दिवसांत ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ आले तर ती एएसव्हीची उशिराची प्रतिक्रिया असू शकते. तिच्यावर उपचार आहे, घरी सोसत बसू नये.